गाडी सव्वापाच लाखांची, बँकेच्या लेखी साडेचार

जुन्या गाडीच्या कर्जासाठी बँकेने पाठवलेला व्हॅल्युएशनवाला मुलगा मोटारसायकलवरून आला. हेल्मेट आरशाला अडकवलं आणि काही न बोलता गाडीभोवती एक फेरी मारली. बॉनेट उघडून त्याने चेसिस नंबरवर पातळ कागद धरला आणि वरून पेन्सिल आडवी घासली. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून आपण छाप काढायचो, अगदी तसं. नंबर कागदावर उमटला, त्याने तो आरसीशी एकेक आकडा करून ताडून पाहिला आणि कागद खिशात ठेवला.

मग तो काचांकडे वळला. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात कंपनीच्या नावाखाली बारीक खुणा असतात, त्यावरून काच कोणत्या वर्षी बनली ते कळतं. मी इतकी वर्षं गाड्यांमधून फिरलो, पण हे मला माहीत नव्हतं. "बाकीच्या १९ च्या आहेत, ही २२ ची," डाव्या पुढच्या दारावर बोट ठेवत तो म्हणाला. दार उघडून त्याने कडेचं रबर ओढून खाली केलं. उजव्या दाराच्या चौकटीवर कंपनीच्या वेल्डिंगचे गोल खड्डे एका ओळीत होते. डाव्या बाजूला तीच ओळ मध्येच बुजून गुळगुळीत झाली होती. डीलरचा माणूस माझ्या शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "ते जरा घासलं होतं ओ, काय विशेष नाही."

वीस मिनिटांत काम आटोपलं. मीटरचा फोटो, इंजिन सुरू असतानाचा व्हिडिओ, चारी टायरचे फोटो, सगळं त्याच्या मोबाइलमधल्या ॲपवर जागा आणि वेळेसकट चढलं. मला वाटत होतं, हा एक उपचार आहे. पण माझं कर्ज किती, हे त्याच वीस मिनिटांत ठरलं. माझा पगार, माझा सिबिल स्कोअर, चौदा वर्षांची नोकरी, हे सगळं त्यानंतर.

गाडी होती जून २०१९ ची बलेनो, पेट्रोल, मधलं मॉडेल, ६१ हजार किलोमीटर चाललेली, कोल्हापूर पासिंग. डीलर सव्वापाच लाख मागत होता. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन, हातात ४६ हजार पडतात. बायको घरी शिकवण्या घेते. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून गारगोटीला तिला एसटीने नेणं बंद झालं आणि दर वेळी भाड्याची गाडी परवडेना, तेव्हा हा विषय निघाला. नवी घ्यायची ऐपत नाही हे आधीच ठरलेलं होतं. बाजूला काढलेले १ लाख २० हजार होते. माझा हिशोब साधा होता: सव्वापाच लाखांचे ऐंशी टक्के म्हणजे ४ लाख २० हजार बँक देईल, वरचे १ लाख ५ हजार मी घालीन, उरलेल्या पंधरा हजारांत ट्रान्स्फर आणि विमा.

डीलरकडच्या फायनान्सवाल्या पोराने तो हिशोब लगेच उचलून धरला. "होऊन जाईल की दादा, चार वीस करतो आपण. नऊ टक्के व्याज, पाच वर्षं, हप्ता १०,१५०." नऊ टक्के ऐकून मी खूश झालो. नव्या गाडीलाच त्या सुमारास नऊच्या आसपास दर चालू होता. जुन्याला त्याच दरात मिळतंय तर आणखी काय पाहिजे?

घरी आलो आणि बायकोच्या मामांना फोन लावला. मामा सांगलीत एका सहकारी बँकेत वाहनकर्ज विभागात होते, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. ते म्हणाले, "जावईबापू, व्याज विचारू नका. हप्ता आणि महिने सांगा."

मी सांगितलं. १०,१५० गुणिले ६०. सहा लाख नऊ हजार. म्हणजे ४ लाख २० हजारांवर १ लाख ८९ हजार व्याज.

"आता बघा," मामा म्हणाले, "चार वीसचे नऊ टक्के किती? ३७,८००. त्याला पाचने गुणा. बरोबर १ लाख ८९ हजार. म्हणजे पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत तो तुमच्याकडून पूर्ण चार वीसवर व्याज घेतोय. चौथं वर्ष संपताना तुमच्याकडे त्याचे लाखभरच राहिलेले असतील, तरी व्याज चार वीसचंच. याला फ्लॅट रेट म्हणतात. बँका सांगतात तो घटत्या शिल्लकीवरचा. दोन्ही एकमेकांशेजारी ठेवायचे नसतात."

मला खरा दर काढून हवा होता. लॅबमध्ये आमच्याकडे कॉम्प्युटरवर एक्सेल आहेच. मामांच्या मुलाने सूत्र पाठवलं:

```
=RATE(60,-10150,420000)*12
```

पहिला आकडा महिने, दुसरा हप्ता, तो आपल्या खिशातून जातो म्हणून उणे, आणि तिसरा कर्ज. उत्तर आलं १५.७ टक्के. नवाचे पावणेसोळा झाले. फायनान्सवाला खोटं बोलला होता असं म्हणता येणार नाही. मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही, एवढंच. दुसऱ्या दिवशी मी त्याला "रिड्युसिंगने किती पडतो?" असं विचारलं, तर तो हसून म्हणाला, "तुम्ही चौकशी करून आलाय वाटतं." दर मात्र सांगितलाच नाही.

मग मी पगार जमा होतो त्या बँकेत गेलो. तिथे घटत्या शिल्लकीवर साडेतेरा टक्के. त्याच टेबलावर नव्या गाडीचा दर नवाच्या आत-बाहेर. मी त्या अधिकारीबाईंना विचारलं, माणूस मीच, पगार तोच, मग साडेचार टक्के जास्त कशाचे? त्या म्हणाल्या, "प्री-ओन्डला रेट जास्तच असतो सर." हे उत्तर नव्हे. खरं उत्तर रविवारी मामांनी चहावर दिलं आणि नंतरच्या दीड महिन्यात मी ते डोळ्यांनी पाहिलं.

मामांचं म्हणणं असं. बँक तुमच्या तोंडाकडे बघून कर्ज देते खरी, पण हप्ते थांबले तर तिच्या हातात उरते ती गाडी. नवी गाडी काय किमतीची आहे हे सगळ्या देशाला माहीत असतं, बिलावर छापलेलं असतं. जुन्या गाडीची किंमत कोणालाच नेमकी माहीत नसते. एकाच महिन्यात शोरूममधून निघालेल्या दोन बलेनो सात वर्षांनी लाखभराच्या फरकाने विकल्या जातात. एक डॉक्टरांनी दवाखान्यापर्यंत चालवलेली, दुसरी कुणीतरी सहा महिने भाड्याने फिरवलेली. आणि बँकेने उचलून आणलेली गाडी यार्डात धूळ खात पडते, लिलावात व्यापारीच येतात आणि ते बाजारभावाने घेत नाहीत. आपली अंदाज चुकण्याची ही भीती बँक व्याजात घालते.

दुसरं, कागद. नव्या गाडीच्या आरसीवर पहिल्याच दिवशी बँकेचं नाव चढतं. जुन्या गाडीत बँक पैसे देते तेव्हा गाडी अजून तिसऱ्याच माणसाच्या नावावर असते. ती तुमच्या नावावर व्हायची, मग बँकेचा बोजा चढायचा. या मधल्या दिवसांत बँकेचे पैसे गेलेले असतात आणि हातात फक्त सह्या केलेले फॉर्म असतात.

तिसरं कारण मला सगळ्यात पटलं. एका प्रकरणाला बँकेला समजा सहा हजार खर्च येतो. माणसं, तपासणी, आरटीओच्या चकरा. दहा लाखांच्या नव्या गाडीवर ते अर्ध्या टक्क्याच्या थोडे वर. माझ्यासारख्या साडेतीन लाखांच्या कर्जावर ते पावणेदोन टक्क्यांच्या जवळ जातात. "तुमचं कर्ज लहान म्हणून ते महाग," मामा म्हणाले. शिवाय नव्या गाडीला कधी कंपनी, कधी शोरूम व्याजाचा थोडा भार उचलते, कारण त्यांना गाडी खपवायची असते. जुन्या गाडीमागे असं कोणी उभं नसतं.

मी पतसंस्थेतही विचारून आलो. तिथे दर जवळपास तोच, दोन जामीनदार, आणि गाडीच्या किमतीच्या साठ टक्क्यांवर जायची तयारी नाही. जामीनदार व्हा म्हणून कोणाच्या दारात उभं राहायचं माझ्या जिवावर आलं. बँकेचाच अर्ज भरला.

चार दिवसांनी बाईंचा फोन. "सर, व्हॅल्युएशन ४ लाख ५० हजार आलंय. ऐंशी टक्क्यांनी ३ लाख ६० हजार होतील."

मी म्हटलं, गाडी सव्वापाचला आहे. त्या म्हणाल्या, "तुम्ही कितीला घेता तो तुमचा प्रश्न. आम्ही व्हॅल्युएशन आणि व्यवहाराची किंमत, यातली जी कमी असेल तीच धरतो." साठ हजारांचा खड्डा एका फोनवर पडला.

मी विम्याची पॉलिसी घेऊन पोचलो. तिच्यावर गाडीची किंमत ४ लाख ७२ हजार लिहिलेली होती. बाईंनी ती बघितलीसुद्धा नाही नीट. विम्यातल्या किमतीला घसाऱ्याचा तक्ता असतो, पण तो पाच वर्षांपर्यंतच. त्यापुढच्या गाडीची किंमत विमा कंपनी आणि मालक आपसात ठरवतात. म्हणजे ४ लाख ७२ हजार हा आधीच्या मालकाने आणि विमा कंपनीने मिळून मान्य केलेला आकडा होता. बाजाराशी त्याचा संबंध असलाच पाहिजे असं नाही.

मग त्यांनी मला रिपोर्ट स्क्रीनवर दाखवला, आणि याबद्दल मी त्यांचा आभारी आहे, कारण सगळे दाखवत नाहीत. बँकेकडे प्रत्येक मॉडेलचा, वर्षाचा एक तक्ता असतो, त्याला ते ग्रीड म्हणतात. ग्रीडमध्ये या गाडीला ४ लाख ९० हजार होते. तिथून उतरत उतरत खाली आले होते. आरसीवर मालकाचा क्रमांक दोन होता, म्हणजे मी तिसरा मालक होणार. डीलरने मला "सिंगल हँड गाडी" म्हणून सांगितलेलं. डाव्या बाजूची अपघाताची दुरुस्ती. टायर चारी संपत आलेले. आणि ग्रीडच मुळात खाली आलेला. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला तेव्हा नव्या गाड्या स्वस्त झाल्या. नवी स्वस्त झाली की तिच्या मागे उभी असलेली जुनी आपोआप खाली सरकते. डीलरने मात्र ही गाडी त्याआधी घेतलेली होती, जुन्या भावात. त्यामुळे तो सव्वापाच धरून बसला होता आणि बँक नव्या बाजाराकडे बघत होती. माझे साठ हजार या दोघांच्या मधे सापडले होते.

रिपोर्ट घेऊन मी डीलरकडे गेलो. भांडायला नव्हे. काचेवरचं साल आणि दाराची चौकट त्याच्यासमोरच बघितलेली होती, आता लेखी होतं. आरसीवरचा दोन आकडा मी त्याला दाखवला. अर्धा तास "नाही जमत" झालं, दोन चहा झाले, आणि शेवटी ५ लाख १० हजारांवर आला. त्याच्या खाली नाहीच. मला वाटतं मी गाडी पाहायच्या आधी रिपोर्ट हातात असता तर आणखी दहा-पंधरा सुटले असते. आगाऊ पाच हजार देऊन बसलो होतो, ते त्याला माहीत होतं.

फायनान्सवाल्या पोराने तेवढ्यात जवळ येऊन सांगितलं, "दादा, वरचे साठ पर्सनल लोनमध्ये बसवू, दोन्ही हप्ते एकाच तारखेला." मी त्याला दर विचारला नाही. गाडी बँकेच्या मते साडेचार लाखांची आहे आणि मी तिच्यावर चार वीस उचलायला निघालोय, म्हणजे उद्या गाडी विकायची वेळ आली तर काय हातात येईल, हे तोवर माझ्या डोक्यात शिरलं होतं.

आता मुदत. बाईंनी तीन हप्ते लिहून दिले. ३ लाख ६० हजार, साडेतेरा टक्के. तीन वर्षांना १२,२१७. चार वर्षांना ९,७४८. पाच वर्षांना ८,२८४. त्यांची अट अशी की, गाडीचं वय आणि कर्जाची वर्षं मिळून बारांच्या पुढे जाता कामा नये. गाडी पावणेसात वर्षांची, म्हणजे पाच वर्षं जेमतेम बसत होती. काही ठिकाणी ही मर्यादा दहाचीच असते, तिथे मला तीनच वर्षं मिळाली असती.

माझा हात साहजिकच ८,२८४ कडे गेला. बायको म्हणाली, "तीन वर्षांत फेडून मोकळे होऊ." मामांनी आम्हा दोघांनाही थांबवलं आणि पाठकोऱ्या कागदावर व्याज मांडायला लावलं.

तीन वर्षांत एकूण व्याज ७९,८०० जातं. चार वर्षांत १ लाख ७,९००. पाच वर्षांत १ लाख ३७ हजार. प्रत्येक वाढीव वर्षाला साधारण अठ्ठावीस-एकोणतीस हजार. पण त्या पैशांत मिळतं काय ते बघा, मामा म्हणाले. तिनाची चार वर्षं केली की हप्ता २,४६९ ने हलका होतो. चाराची पाच केली की फक्त १,४६४ ने. किंमत तीच, थोडी जास्तच, आणि सवलत साठ टक्केच. पाचव्या वर्षाचा प्रश्न तिथेच मिटला.

राहिली तीन आणि चार. बायकोचं म्हणणं व्याजाच्या हिशोबाने बरोबर होतं. अठ्ठावीस हजार कोणाला नकोत? पण सात वर्षांच्या गाडीला हप्त्याशिवाय दुसरा एक हप्ता असतो, तो बँक सांगत नाही. टायर, बॅटरी, क्लच, सस्पेन्शन, वर्षाची सर्व्हिसिंग, विमा. नव्या गाडीचं कर्ज फिटेपर्यंत हे खर्च थोडेच येतात. जुन्या गाडीत कर्ज आणि हे खर्च एकाच वेळी चालू असतात, आणि कर्ज जितकं लांबवाल तितके शेवटचे हप्ते अशा गाडीचे भरत बसता जी गॅरेजमध्ये जास्त दिसते. २,४६९ गुणिले बारा म्हणजे वर्षाला २९ हजार ६०० च्या आसपास. मामांनी ते कागदावर गोल केलं. "हे तुमचे गॅरेजचे. तीन वर्षांचा हप्ता घेतला तर हे पैसे बँकेत जातील आणि टायर तुम्ही क्रेडिट कार्डावर घ्याल. कार्डाचं व्याज बघा मग." आमच्या पगारात १२,२१७ भरता आले असते, पण महिन्याला बाजूला काही राहिलं नसतं. ज्यांचं राहतं त्यांनी तीनच वर्षं घ्यावीत असं मी अजूनही म्हणेन.

"आणि मधेच विकायची वेळ आली तर?" हाही प्रश्न आम्ही कागदावर सोडवला. दोन वर्षांनी चार वर्षांच्या कर्जात २ लाख ४ हजार बाकी राहतात, पाच वर्षांच्या कर्जात २ लाख ४४ हजार. डीलरकडचं ते चार वीसचं कर्ज घेतलं असतं तर दोन वर्षांनी २ लाख ९० हजार बाकी राहिले असते, आणि नऊ वर्षांची, तिसऱ्या मालकाची, ठोकलेली बलेनो डीलर किती रुपयांना परत घेईल ते मी आता सांगू शकतो. त्यातून फार तर दहा-वीस हजार हातात आले असते, किंवा तेही नाही.

मी चार वर्षं घेतली. मनात होतं की बोनस मिळाला की मधेच भरून टाकू. बाईंना विचारलं, तर वर्षभर काही भरता येणार नाही आणि त्यानंतर मुदतीआधी फेडायचं तर उरलेल्या रकमेच्या चार टक्के आणि वर जीएसटी. मी वर्तमानपत्रात वाचलेलं काढलं: १ जानेवारी २०२६ पासून मंजूर झालेल्या कर्जांवर असा दंड लावायचा नाही, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे सर, पण तो बदलत्या दराच्या कर्जाला. जुन्या गाडीला आमच्याकडे दर फिक्स असतो." फिक्स म्हणजे चांगलं, असं मी तोवर समजत होतो.

सही करायच्या आधी त्यांनी 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचं एक दोन पानी पत्रक दिलं. हे ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जाला द्यावंच लागतं. त्यात वार्षिक टक्केवारीचा एक रकाना असतो, दरापेक्षा तोच वाचावा. माझ्या कागदावर तिथे १४.९ होतं. साडेतेराचे जवळजवळ पंधरा कसे झाले, तर प्रोसेसिंग, व्हॅल्युएशन, कागदपत्रं, स्टॅम्प मिळून ९ हजार रुपये, आणि ते कर्जातूनच कापले जाणार. म्हणजे हप्ता ३ लाख ६० हजारांचा, पण डीलरच्या खात्यात जाणार ३ लाख ५१ हजार. हा आणखी नऊ हजारांचा खड्डा माझ्या कोणत्याच हिशोबात नव्हता. पहिल्या प्रतीत कर्जाच्या विम्याचे ११ हजारही होते, मला न विचारता. सक्तीचा आहे का असं लेखी मागितल्यावर ती ओळ दुसऱ्या प्रतीत नव्हती.

आता मला लागत होते दीड लाख डीलरला, नऊ हजार हे, आणि ट्रान्स्फर व विम्याचे मिळून आठ. एक सदुसष्ट. जवळ एक वीस. गल्लीतल्या भिशीत माझा नंबर मेमध्ये होता. पन्नास हजारांची भिशी. फेब्रुवारीचा नंबर समोरच्या काकूंचा, त्यांना पैशांची घाई नव्हती. बायको जाऊन बोलली आणि नंबर बदलून मिळाला. त्याचं व्याज म्हणून काकूंनी फक्त पहिल्या फेरीत त्यांना गाडीतून जोतिबाला न्यायचं कबूल करून घेतलं.

आणि मग दोन आठवडे सगळं अडकलं. आरसीवर पहिल्या मालकाच्या फायनान्स कंपनीचा बोजा अजून तसाच होता. कर्ज कधीच फिटलेलं, कंपनीने ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ दिलेलाही होता, पण दोन्ही मालकांपैकी कोणी आरटीओत जाऊन बोजा उतरवलाच नाही. पत्राची तीन महिन्यांची मुदत संपून गेलेली. वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकला की हे पहिल्याच पानावर दिसतं. मी चलनं बघितली, विमा बघितला, आणि ती ओळ वाचलीच नाही. डीलरने आधीच्या मालकाला गाठून नवीन पत्र मागवलं, त्याला सोळा दिवस लागले. माझ्या मंजुरीची मुदत तीस दिवस होती, सत्तावीस वापरले गेले. त्या दिवसांत मामांचं ते दुसरं कारण, कागदाचं, मला रोज आठवत होतं. साडेतेरामधलं थोडं व्याज याच ओळीचं होतं.

बोजा उतरला, फॉर्म २९, ३० आणि बँकेच्या बोज्याचा ३४ अशा सह्या झाल्या, पैसे गेले, गाडी दारात आली. विमा नावावर करायला गेलो तर कळलं की आधीच्या मालकाची नो-क्लेम सवलत त्याच्याबरोबर जाते, गाडीबरोबर येत नाही. फरकाचे २,९०० भरले. ट्रान्स्फरनंतर चौदा दिवसांत हे करून घ्यायचं असतं, नाहीतर ठोकाठोकीत आपल्या गाडीच्या नुकसानीला विमा कंपनी हात वर करू शकते.

पहिला हप्ता गेला तेव्हा ९,७४८ पैकी ४,०५० व्याजात गेले आणि ५,६९८ मुद्दलात. दुसऱ्या महिन्यात पावसाच्या आधी टायर बदलावे लागले. चारींचे १८,४०० झाले. गॅरेजच्या डब्यात तोवर पाच हजारच जमले होते, उरलेले शिकवणीच्या पैशातून रोख दिले. काकूंना जोतिबाला नेऊन आणलं ते त्याच टायरांवर.